चार आकड्यांचा तक्ता आणि त्याची दोन उत्तरे

आरोग्यविषयक आकडेवारीच्या अभ्यासक्रमात एक गृहपाठ हमखास असतो. दोन ओळी आणि दोन रकान्यांचा तक्ता दिलेला असतो. ओळींमध्ये एखाद्या गोष्टीशी संपर्क आलेले आणि न आलेले लोक, रकान्यांमध्ये आजार झालेले आणि न झालेले. त्यावरून सापेक्ष जोखीम, म्हणजे रिलेटिव्ह रिस्क, आणि ऑड्स रेशो काढा व अर्थ लिहा, असा प्रश्न असतो. दोन्ही सूत्रे चार ओळींत मावतात आणि बेरीज-भागाकार येणाऱ्या कुणालाही ती सोडवता येतात. त्यामुळे गणितात बहुतेक जण पास होतात आणि अर्थाच्या वाक्यात घसरतात. माझे म्हणणे असे की ही घसरण निष्काळजीपणाची नाही, ती प्रश्नाच्या मांडणीतच आहे. कोणते गुणोत्तर काढायचे आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्या चार आकड्यांवरून कधीच ठरत नाही. ते आकडे कोणत्या पद्धतीने गोळा झाले आणि आजार किती सर्रास आहे, यावरून ते ठरते. गृहपाठाच्या तक्त्यात नेमकी हीच माहिती बहुधा गाळलेली असते.

ही चूक फक्त विद्यार्थी करतात असेही नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये केव्हिन शुलमन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला कॅथेटर घालून करायच्या हृदयतपासणीसाठी (आपल्याकडे तिला सरसकट अँजिओग्राफी म्हणतात) पाठवायचे की नाही, या निर्णयावर रुग्णाच्या वर्णाचा आणि लिंगाचा परिणाम होतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी आठ नटनट्यांकडून रुग्णाची भूमिका करवून घेऊन चित्रफिती बनवल्या आणि अमेरिकेतल्या ७२० डॉक्टरांना त्या दाखवल्या. कोणत्या डॉक्टरला कोणता ‘रुग्ण’ दिसणार हे संगणकाने नशिबावर सोडले होते. गोऱ्या रुग्णांपैकी ९०.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांपैकी ८४.७ टक्के जणांना डॉक्टरांनी पुढच्या तपासणीचा सल्ला दिला. निबंधाच्या सारांशात मात्र या टक्केवारीऐवजी ऑड्स रेशो छापला होता: ०.६. पुरुष आणि स्त्रिया यांच्या तुलनेतही योगायोगाने हेच आकडे आले होते.

टक्केवारीवरून उलट हिशेब केला तर तक्ता असा उभा राहतो. प्रत्येक वर्णाचे ३६० रुग्ण. कृष्णवर्णीयांपैकी ३०५ जणांना पाठवले, ५५ जणांना नाही. गोऱ्यांपैकी ३२६ जणांना पाठवले, ३४ जणांना नाही. सापेक्ष जोखीम काढायची तर प्रत्येक ओळीत ‘होय’ची संख्या ओळीच्या बेरजेने भागायची आणि आलेल्या दोन प्रमाणांचे गुणोत्तर घ्यायचे. ३०५ भागिले ३६० म्हणजे ०.८४७, ३२६ भागिले ३६० म्हणजे ०.९०६, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.९४. ऑड्स काढताना भाजक बदलतो: ‘होय’ला बेरजेने नव्हे, त्याच ओळीतल्या ‘नाही’ने भागायचे. ३०५ भागिले ५५ म्हणजे सुमारे साडेपाच, ३२६ भागिले ३४ म्हणजे सुमारे ९.६, आणि यांचे गुणोत्तर ०.५८. छापील ०.६ आला तो इथून. दोन्ही गणिते बरोबर आहेत. एक सांगते की कृष्णवर्णीय रुग्णांना तपासणीला पाठवले जाण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या प्रमाणाच्या ९४ टक्के होते. दुसरे ऑड्सबद्दल बोलते, पण लोकांच्या प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही.

वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ते प्रमाणाबद्दलच आहे असे समजून घेतले. ०.६ म्हणजे ६० टक्के, म्हणजे कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना तपासणीला पाठवले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी, अशा बातम्या झाल्या. पाच महिन्यांनी लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि गिल्बर्ट वेल्च यांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडून दाखवले की फरक ४० टक्क्यांचा नसून सापेक्ष भाषेत सुमारे सात टक्क्यांचा आहे. सारांशात ऑड्स रेशो छापू द्यायला नको होता, अशी जबाबदारी संपादकांनीही स्वीकारली. श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. चार गट वेगवेगळे पाहिले तर गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय पुरुष या तिघांचेही प्रमाण ९०.६ टक्केच होते. सगळी तफावत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटात होती. त्यांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. दोन-बाय-दोनच्या तक्त्यात वर्णाची ओळ घेतली की हा गट कृष्णवर्णीय पुरुषांत मिसळतो आणि लिंगाची ओळ घेतली की गोऱ्या स्त्रियांत मिसळतो. मग दोन्ही तक्ते अर्धवट सत्य सांगतात. तक्ता दुमडताना काय आत गेले, हे सूत्र कधीच विचारत नाही.

दोन गुणोत्तरांत इतके अंतर का पडले? कारण इथे ‘होय’ हा निकाल सर्रास होता. दर दहांपैकी आठ-नऊ जण ‘होय’ असतील तर ‘नाही’वाले थोडेच उरतात, आणि ऑड्सचा भाजक तेच थोडे लोक असतात. भाजकात जरासा बदल झाला तरी भागाकार मोठी उडी घेतो. निकाल दुर्मिळ असेल तेव्हा ‘नाही’वाल्यांची संख्या आणि ओळीची बेरीज जवळजवळ सारखीच असते, म्हणून जोखीम आणि ऑड्स यांतला भेद नाममात्र राहतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांवरच केलेल्या ॲस्पिरिनच्या अभ्यासाचे १९८८ साली प्रसिद्ध झालेले आकडे या बाबतीत बोलके आहेत. दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांपैकी १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, तर खोटी गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांपैकी १८९ जणांना. सापेक्ष जोखीम येते ०.५५०, ऑड्स रेशो येतो ०.५४६. इथे एकाच्या जागी दुसरे लिहिले तरी कुणाचे नुकसान नाही. म्हणूनच बरीच पाठ्यपुस्तके अशी दुर्मिळ उदाहरणे देतात आणि विद्यार्थ्याच्या मनात दोन्ही आकडे ‘जवळपास एकच’ अशी गाठ पक्की बसते. पुढे एखादा सर्रास निकाल समोर येतो, पण ती गाठ सुटत नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. आक्षेप असा की सापेक्ष जोखीमच उलट दिशाभूल करते. शुलमन यांच्या तक्त्यात ‘पाठवले’ऐवजी ‘पाठवले नाही’ हा निकाल धरून पाहा. ३६० कृष्णवर्णीयांपैकी ५५ जण, म्हणजे १५.३ टक्के, वंचित राहिले. गोऱ्यांपैकी ३४, म्हणजे ९.४ टक्के. सापेक्ष जोखीम झाली १.६२. कालपर्यंत ‘सहा-सात टक्के कमी’ असलेली गोष्ट आज ‘६२ टक्के जास्त’ झाली, आणि तक्त्यातला एकही आकडा बदललेला नाही. ऑड्स रेशो मात्र प्रामाणिकपणे उलटतो: ०.५७८ चा व्यस्त १.७३, आणि १.७३ चा व्यस्त पुन्हा ०.५७८. सममितीचा हा गुण गणितीदृष्ट्या खरोखर देखणा आहे. पण त्यामुळे वाचकाची अडचण सुटत नाही. ‘वंचित राहण्याचे प्रमाण ६२ टक्क्यांनी जास्त’ आणि ‘तपासणी मिळण्याचे प्रमाण साडेसहा टक्क्यांनी कमी’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही लोकांच्या संख्येवर तपासता येतात. ‘४० टक्क्यांनी कमी शक्यता’ हे वाक्य कोणत्याही बाजूने तपासले तरी खोटेच निघते. सापेक्ष जोखमीच्या या दुबळेपणावरचा उपाय गुणोत्तर बदलण्यात नाही. कोणता निकाल मोजला ते सांगावे आणि शेजारी दोन्ही टक्केवाऱ्या ठेवाव्यात. दर शंभर रुग्णांमागे सुमारे सहा जणांचा फरक, हे सांगितले की कुठल्याही गुणोत्तराला वाचकाला घाबरवता येत नाही किंवा झोपवता येत नाही.

मग ऑड्स रेशो टाकूनच का देऊ नये? कारण काही तक्ते असे असतात की त्यांत जोखीम मोजताच येत नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या रुग्णालयांतला धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास छापला. त्यांनी धूम्रपान करणारे आणि न करणारे निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली नव्हती. त्यांनी आधी कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले, तुलनेसाठी इतर आजारांचे तितकेच पुरुष रुग्ण घेतले आणि मग मागे जाऊन सगळ्यांना सवयी विचारल्या. कर्करोग झालेल्यांत धूम्रपान न करणारे अवघे दोन निघाले, इतरांत २७. तक्ता झाला: धूम्रपान करणाऱ्यांत ६४७ आणि ६२२, न करणाऱ्यांत २ आणि २७. आता एखाद्याने नेहमीच्या सवयीने ओळीची बेरीज करून जोखीम काढली तर काय होईल? ६४७ भागिले १,२६९ म्हणजे ५१ टक्के. म्हणजे धूम्रपान करणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांना फुप्फुसाचा कर्करोग होतो! हे उत्तर हास्यास्पद आहे, कारण ती बेरीज निसर्गाने केलेली नाही, संशोधकांनी केलेली आहे. एका रुग्णामागे तुलनेचा एक माणूस घ्यायचा, हे त्यांनी ठरवले होते.

त्यांनी एकामागे दोन माणसे घेतली असती आणि सवयींचे प्रमाण तेच राहिले असते, असे धरू. तक्ता होईल ६४७ आणि १,२४४, २ आणि ५४. पहिल्या तक्त्यातून निघालेली तथाकथित सापेक्ष जोखीम ७.४ होती, ती आता ९.६ होते. एकामागे दहा घेतले तर ती १२.८ वर जाते. रोग तोच, सवय तीच, फक्त तुलनेचे लोक वाढवले, आणि ‘जोखीम’ वाढत चालली. ऑड्स रेशो मात्र प्रत्येक वेळी १४.०४ च येतो, कारण तिरकस गुणाकार करून भागताना तुलनेच्या गटाचा गुणक वर आणि खाली दोन्हीकडे येतो आणि कटतो. केस-कंट्रोल पद्धतीच्या अभ्यासात ऑड्स रेशो वापरतात तो याच कारणाने. त्या तक्त्यातून खरेपणाने काढता येण्यासारखे तुलनेचे माप तेवढेच असते. वरची ७.४, ९.६, १२.८ ही चढण कुठे जाते आहे तेही पाहण्यासारखे आहे: तुलनेचे लोक जितके जास्त, तितका कर्करोग तक्त्यात दुर्मिळ दिसतो आणि तितके ते गुणोत्तर १४ कडे सरकते. जेरोम कॉर्नफिल्ड यांनी १९५१ साली नेमके हेच सिद्ध केले, की रोग मूळ लोकसंख्येत दुर्मिळ असेल तर केस-कंट्रोल अभ्यासाचा ऑड्स रेशो खऱ्या सापेक्ष जोखमीच्या जवळ असतो. अट लोकसंख्येतल्या दुर्मिळतेची आहे, तक्त्यातल्या नव्हे. डॉल आणि हिल यांच्या तक्त्यात निम्मे लोक कर्करोगाचेच आहेत, तरी अट पुरी होते, कारण लंडनच्या पुरुषांत तो रोग दुर्मिळच होता. गृहपाठात ‘तक्त्यात ५० टक्के आजारी आहेत, म्हणून रोग दुर्मिळ नाही’ असे लिहिलेले उत्तर सापडले, तर विद्यार्थ्याला सूत्र कळले पण अभ्यासाची रचना कळली नाही, हे ओळखावे.

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा असतो. वय, शिक्षण, उत्पन्न यांचा परिणाम बाजूला काढायचा तर लॉजिस्टिक रिग्रेशन वापरावे लागते आणि त्यातून ऑड्स रेशोच बाहेर पडतो, मग दुसरे काय लिहिणार? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न जवळचा आहे, कारण त्यांच्या हाताशी असलेली मोठी आकडेवारी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, आणि त्यातले बरेच निकाल मुळीच दुर्मिळ नाहीत. २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. समजा एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रमाणांचे गुणोत्तर १.२, ऑड्स रेशो १.५. अहवालात ‘दीडपट शक्यता’ लिहिले की पाचवा हिस्सा जास्त असलेली गोष्ट निम्म्याने जास्त होऊन बसते. इथे तर ‘जोखीम’ हा शब्दही जपून वापरायला हवा. एकाच वेळी केलेल्या पाहणीत कुणाला आजार नव्याने झाला हे कळत नाही, फक्त किती जणांना आहे एवढेच कळते. म्हणून ते व्याप्तीचे गुणोत्तर म्हणावे.

पण लॉजिस्टिक रिग्रेशनवाचून गत्यंतर नाही, हे काही खरे नाही. निकाल ‘होय-नाही’ असा असतानाही पॉयसन रिग्रेशन लावून, प्रमाणित त्रुटी मजबूत पद्धतीने काढून, थेट सापेक्ष जोखीम मिळवता येते. २००४ पासून हा मार्ग सर्वपरिचित आहे आणि नेहमीच्या सगळ्या संगणकीय प्रणालींत उपलब्ध आहे. तक्ता साधा असेल, इतर घटकांचा हिशेब केलेला नसेल, तर त्याहून सोपे सूत्र आहे:

```
RR = OR / (1 - P0 + P0 * OR)
```

यातला P0 म्हणजे तुलनेच्या गटातले निकालाचे प्रमाण. शुलमन यांच्या तक्त्यात ०.५७८ आणि ०.९०६ घातले की पुन्हा ०.९४ मिळतो. मात्र इतर घटकांचा हिशेब करून आलेला ऑड्स रेशो यात घालू नये. हे सूत्र १९९८ साली लोकप्रिय झाले ते तशाच वापरासाठी, आणि त्या वापरावर टीका झाली तीही योग्यच होती, कारण तिथे एकच P0 सगळ्यांना लागू पडत नाही आणि विश्वासांतर खोटेच अरुंद दिसते. केस-कंट्रोल तक्त्यात तर P0 तक्त्यातून घेताच येत नाही. तो बाहेरून, म्हणजे लोकसंख्येतून, आणावा लागतो.

आता संगणकावर होणाऱ्या एका चुकीकडे वळू. ती चूक ऑड्स रेशो लपवतो आणि सापेक्ष जोखीम उघडी पाडते. R सारखी प्रणाली आकडेवारीतून तक्ता बनवताना नावे अक्षरांच्या क्रमाने लावते, म्हणून No आधी येते आणि Yes नंतर. आपण मनात धरलेला ‘संपर्क आला, आजार झाला’ हा कप्पा मग डावीकडे वर असण्याऐवजी उजवीकडे खाली जातो. ओळी आणि रकाने दोन्ही उलटले तर ऑड्स रेशो जसाच्या तसा राहतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. सापेक्ष जोखीम मात्र बदलते: शुलमन यांच्या तक्त्यात ०.९४ ऐवजी ०.६२ येईल. ओळींच्या जागी रकाने आणि रकान्यांच्या जागी ओळी लिहिल्या तरी तेच. ऑड्स रेशो ढळत नाही, सापेक्ष जोखीम भलतीच निघते. यावर उपाय म्हणजे तयार फंक्शनवर विसंबण्याआधी तक्ता हाताने भरून एकदा पाहणे.

```
m <- matrix(c(305, 55, 326, 34), nrow = 2, byrow = TRUE)
p <- m[, 1] / rowSums(m)
p
p[1] / p[2]
(m[1,1] * m[2,2]) / (m[1,2] * m[2,1])
```

मधली ओळ सर्वांत कामाची. तिथे ०.८४७ आणि ०.९०६ दिसले पाहिजेत. ०.१५३ किंवा ०.४८३ असे काही दिसले तर तक्ता उलटा किंवा आडवा पडला आहे. `fisher.test(m)` चालवल्यास ऑड्स रेशो तिरकस गुणाकाराच्या उत्तरापेक्षा किंचित वेगळा येतो. ती चूक नव्हे, ते फंक्शन वेगळ्या पद्धतीने अंदाज काढते.

विश्वासांतराबद्दल थोडक्यात. याच तक्त्यातून सापेक्ष जोखमीचे ९५ टक्के विश्वासांतर सुमारे ०.८९ ते ०.९९ येते आणि ऑड्स रेशोचे ०.३७ ते ०.९१. दुसरे जास्त रुंद दिसते म्हणून ते कमी खात्रीचे, आणि एकापासून जास्त दूर दिसते म्हणून परिणाम जास्त मोठा, असे दोन्ही निष्कर्ष विद्यार्थी एकाच परिच्छेदात काढतात. दोन्ही चुकीचे आहेत. पुरावा तोच आहे, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. दोन मोजपट्ट्यांवरची अंतरे एकमेकांशी ताडून पाहायची नसतात.

म्हणून असा गृहपाठ देणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. तक्त्याच्या वर दोन वाक्ये लिहा: हे लोक संपर्क पाहून निवडले, आजार पाहून निवडले, की कशाहीकडे न पाहता; आणि हा आजार त्या लोकसंख्येत साधारण किती आढळतो. ऑड्स रेशो सांगणाऱ्या वाक्यात ‘ऑड्स’ हा शब्द नसेल तर गणित बरोबर असूनही गुण कापा. आणि केस-कंट्रोल तक्त्यातून सापेक्ष जोखीम काढायला सांगणारा प्रश्न प्रश्नपत्रिकेत असेल, तर तो काढून टाका किंवा ‘काढता येत नाही’ हे त्याचे उत्तर धरा.